तीन माहितीपत्रकं, एक कागद

डिसेंबरातला रविवार होता. धाकट्या बहिणीने धायरीच्या घरी जेवायला बोलावलं होतं, पण ताटं मांडायला टेबलावर जागाच नव्हती. तीन शाळांची माहितीपत्रकं पसरलेली होती. एक जाड, गुळगुळीत, लग्नपत्रिकेसारखं. दुसरं चार पानी, मधोमध घडी घातलेलं. तिसरं म्हणजे झेरॉक्सचा एकच कागद, खाली शाळेचा गोल शिक्का. भाचीला येत्या जूनमध्ये नर्सरीत घालायचं होतं.

"दादा, तू हिशेबाचा माणूस. यातली कुठली परवडेल तेवढं सांग," बहीण म्हणाली.

प्रश्न सोपा वाटला, म्हणून आधी नुसतीच फी बघितली. गुळगुळीत पत्रकात लिहिलं होतं, वार्षिक शुल्क ७२,००० रुपये. चार पानीत होतं, मासिक शुल्क ३,८०० रुपये. झेरॉक्सवर होतं, नर्सरी फी १८,०००, आणि ती वर्षाची की सत्राची याचा पत्ताच नव्हता. मेहुणे म्हणाले, "म्हणजे पहिली महाग, तिसरी स्वस्त, मधली मधली." ते पुढे खरंही ठरलं, पण किती महाग आणि किती स्वस्त, हे त्या आकड्यांतून कळण्यासारखं नव्हतं. मग एक फुलस्केप कागद घेतला, उभा दुमडला, डावीकडे प्रश्न लिहिले आणि उजवीकडे तीन शाळांना तीन रकाने पाडले. शाळांची नावं इथे देत नाही आणि आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत. पहिलीला गुळगुळीत, दुसरीला चारपानी आणि तिसरीला झेरॉक्स म्हणू.

लिहिताना एक पद्धत ठेवली. जे छापलेलं आहे ते निळ्या पेनाने लिहायचं. जे शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी फोनवर तोंडी सांगितलं ते पेन्सिलीने. आणि जे कुठेच मिळालं नाही तिथे जागा मोकळी सोडून गोल करायचा. कागद भरून झाल्यावर बघितलं तर सगळ्यात महागड्या पत्रकाच्या रकान्यात सगळ्यात जास्त पेन्सिल होती. कागद जाड असला म्हणून माहिती जाड असेल असं नाही.

आधी फी, कारण घोळ तिथेच जास्त. तुलना करायची तर सगळ्यांचं एकच माप हवं. मी माप घेतलं ते असं: पहिल्या वर्षी घरातून एकूण किती पैसे बाहेर पडतील आणि दुसऱ्या वर्षी किती. शाळेने त्या पैशाला कुठलंही नाव दिलेलं असो, आपल्या खात्यातून तो गेला की तो खर्च.

गुळगुळीत पत्रकात ७२,००० हा आकडा मोठ्या टायपात तिसऱ्या पानावर होता. शेवटून दुसऱ्या पानावर, 'सर्वसाधारण नियम' या मथळ्याखाली, बारीक अक्षरात बाकीचं होतं. प्रवेश शुल्क २५,०००, एकदाच, परत न मिळणारं. अनामत रक्कम १०,०००, शाळा सोडताना परत. सत्र शुल्क ६,०००, वर्षातून दोनदा. उपक्रम शुल्क ८,०००. बस, पुस्तकं आणि गणवेश यांच्याबद्दल 'स्वतंत्र' एवढाच शब्द. बहिणीने दुसऱ्या दिवशी फोन केला. बस महिन्याला २,४०० रुपये, आणि ती अकरा महिन्यांची घेतात. पुस्तकं-वह्यांचा संच ६,५००. गणवेश, खेळाचा पोशाख आणि बूट मिळून साधारण ५,५००. हे सगळं पेन्सिलीत गेलं.

आता बेरीज. बहात्तर हजार, त्यात प्रवेश पंचवीस, अनामत दहा, सत्र बारा, उपक्रम आठ; झाले एक लाख सत्तावीस हजार. पुस्तकं आणि गणवेश मिळून बारा हजार. बस अकरा महिन्यांची २६,४००. पहिल्या वर्षाचा आकडा १,६५,४००. छापील आकड्याच्या सव्वादोन पटींहून जास्त. दुसऱ्या वर्षी प्रवेश शुल्क आणि अनामत जाते, तेव्हा १,३०,४००, तेही फी अजिबात वाढली नाही असं धरून.

चारपानीचं गणित उलटं. ३,८०० हा आकडा इवलासा दिसतो, पण तो महिन्याचा आहे आणि शाळा बारा महिने घेते. एप्रिल-मेची फी मार्चमध्येच एकत्र भरायची असते, असं त्याच पत्रकात प्रामाणिकपणे छापलेलं होतं. म्हणजे वर्षाला ४५,६००. प्रवेश ८,०००, दोन सत्रांचे ६,०००, पुस्तकं ३,५००, गणवेश ३,००० आणि व्हॅन दीड हजार रुपयांनी अकरा महिने, १६,५००. पहिलं वर्ष ८२,६००, दुसरं ७४,६००. झेरॉक्सवाली शाळा घरापासून चालत सात मिनिटांवर होती. १८,००० वर्षाचेच निघाले. प्रवेश फी १,०००, पुस्तकं १,०००, गणवेश १,५००, बस शून्य. एकूण २१,५००.

पहिली दोन पत्रकं शेजारी ठेवली तर ७२,००० आणि ४५,६०० यांत सव्वीस हजारांचा फरक दिसतो. कागदावर तोच फरक पहिल्या वर्षी जवळजवळ ८३,००० झाला. फरकातली ही वाढ प्रयोगशाळा किंवा शिक्षक यांच्यामुळे नाही, निम्म्याहून जास्त ती प्रवेश शुल्क, अनामत आणि बस यांच्यामुळे आहे. बस तर शाळेचा गुणही नाही आणि दोषही नाही, ते फक्त अंतर आहे. अंतराला पैसे मोजतोय हे कागदावर दिसलं की मग ते मोजायचे की नाही हा घरचा प्रश्न उरतो.

अनामतीबद्दल एक गोष्ट विचारून ठेवावी: परत कधी मिळते, कुणाच्या अर्जावर आणि मूळ पावती हवी का. बारा वर्षांनी पावती शोधण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आलाय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. ही पावती जन्मदाखल्याच्या फाइलमध्ये ठेवायची, विजेच्या बिलांच्या पिशवीत नाही.

झेरॉक्सवाल्या शाळेत एक वेगळी अडचण निघाली. प्रवेशाच्या खिडकीवर 'इमारत निधी, ऐच्छिक, ५,०००' अशी चिठ्ठी बहिणीच्या हातात आली. ती ऐच्छिक होती, पण फॉर्मला टाचलेली होती. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १३ नुसार शाळेला जाहीर फीशिवाय प्रवेशासाठी देणगी घेता येत नाही, आणि घेतली तर दंड त्या रकमेच्या दहापटीपर्यंत आहे. महाराष्ट्रात तर कॅपिटेशन फीविरुद्धचा कायदा १९८७ पासून आहे. बहिणीने भांडण केलं नाही. "ऐच्छिक आहे ना, मग आत्ता नको" एवढंच म्हणाली आणि फॉर्म पुढे सरकवला. बाईंनी चिठ्ठी काढून घेतली, फॉर्म घेतला. प्रत्येक ठिकाणी इतकं सोपं जात नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून कागदावर त्या ओळीत मी ५,००० हा आकडा लिहिला आणि त्याच्याभोवती गोल केला.

यापुढचा प्रश्न माहितीपत्रकात कधीच नसतो: पहिलीत किती? तिन्ही पत्रकांत फक्त नर्सरीची फी होती. नर्सरी तीन तासांची, पहिली सहा तासांची, आणि बऱ्याच शाळांत फीची उडी नेमकी तिथे असते. गुळगुळीत शाळेत पहिलीची फी आजच्या दराने ९२,००० निघाली. चारपानीत महिन्याला ४,३००. झेरॉक्सवाल्या शाळेचा प्राथमिक विभाग अनुदानित, त्यामुळे पहिलीपासून शिकवणी फी नाही आणि पाठ्यपुस्तकं सरकारकडून. हे तिच्या पत्रकात कुठेच लिहिलेलं नव्हतं. स्वतःची जमेची बाजू सांगायचीही त्यांना आठवण झाली नव्हती.

फी वाढेल किती, हे कुणी लिहून देत नाही. पण फी ठरते कशी याचा महाराष्ट्रात कायदा आहे. २०११ चा शुल्क विनियमन कायदा. त्यानुसार शाळेत पालक-शिक्षक संघ असावा लागतो आणि तयार असलेल्या पालकांमधून चिठ्ठ्या टाकून कार्यकारी समिती निवडावी लागते. व्यवस्थापन पुढच्या वर्षीच्या फीचा प्रस्ताव या समितीपुढे ठेवतं, आणि मंजूर झालेली फी दोन शैक्षणिक वर्षांसाठी बांधील राहते. या 'दोन वर्षां'त खरी गंमत आहे. पत्रकात छापलेला दर त्या दोन वर्षांतल्या पहिल्या वर्षाचा आहे की दुसऱ्या? दुसऱ्या वर्षाचा असेल तर तुमचं मूल शाळेत जाऊन एक वर्ष होतं न होतं तोच नवा दर येऊ शकतो. म्हणून ऑफिसात "फी वाढणार का?" असं विचारू नये, त्याला "थोडीशी" असं उत्तर ठरलेलं असतं. "ही फी कोणत्या दोन वर्षांसाठी मंजूर आहे?" असं विचारावं. याला उत्तर द्यायचं तर कागद काढावा लागतो. गुळगुळीत शाळेतल्या बाई म्हणाल्या, "सरांना विचारून सांगते." तिथे गोल केला. चारपानीवाल्यांनी समितीचा ठरावच दाखवला, सूचनाफलकावर लावलेला.

पावतीत शिकवणी शुल्क वेगळं दाखवलंय का, हेही बघून घ्यावं. जुन्या करप्रणालीत करसवलत दोन मुलांपर्यंत आणि फक्त शिकवणी शुल्कावर मिळते. देणगी, विकास निधी किंवा बसचे पैसे त्यात धरले जात नाहीत. सगळं मिळून एकच आकडा छापलेली पावती मार्चमध्ये डोकेदुखी होते.

फीचं एवढं झालं. आता माध्यम. इथे लोक दोन वेगळ्या गोष्टी एकाच दमात बोलतात. माध्यम म्हणजे मूल कुठल्या भाषेत शिकणार. बोर्ड म्हणजे कुठला अभ्यासक्रम शिकणार आणि दहावीला कुणाची परीक्षा देणार. गुळगुळीत पत्रकावर ठळक अक्षरात 'सीबीएसई पॅटर्न' असं होतं. पॅटर्न या शब्दावर थांबायला हवं. एनसीईआरटीची पुस्तकं कुठलीही शाळा आणून शिकवू शकते, त्याने ती त्या बोर्डाशी संलग्न होत नाही. संलग्न शाळेला बोर्डाने दिलेला क्रमांक असतो, आणि तो बोर्डाच्या संकेतस्थळावर राज्य-जिल्हा निवडून तपासता येतो. संलग्नता कोणत्या वर्षापर्यंत आहे तेही तिथेच कळतं. शिवाय सीबीएसईशी संलग्न असलेल्या प्रत्येक शाळेला स्वतःच्या संकेतस्थळावर एक जाहीर माहितीचं पान ठेवावंच लागतं. त्यात फी, शिक्षक, सुरक्षिततेचे दाखले, निकाल हे सगळं द्यायचं असतं. ते पान माहितीपत्रकापेक्षा कुरूप असतं आणि कितीतरी जास्त उपयोगाचं असतं.

गुळगुळीत शाळेची ही शाखा नवी होती, सध्या चौथीपर्यंत. क्रमांक होता तो त्याच संस्थेच्या दुसऱ्या भागातल्या जुन्या शाखेचा. या शाखेबद्दल 'संलग्नता प्रस्तावित' असं उत्तर आलं. हा काही फसवणुकीचाच प्रकार असतो असं नाही. नव्या शाळा अशाच वाढत जातात. पण मूल आठवीत जाईपर्यंत संलग्नता मिळाली नाही तर काय, हा प्रश्न पालकाचा आहे, शाळेचा नव्हे. त्या ओळीत आम्ही 'प्रस्तावित' लिहिलं, 'सीबीएसई' नाही.

याच कामाला यूडायस क्रमांकही चांगला. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला हा अकरा आकडी क्रमांक असतो, महाराष्ट्रातल्या शाळेचा २७ ने सुरू होतो, आणि प्रत्येक शाखेचा वेगळा असतो. शाखेचा स्वतःचा क्रमांक विचारावा. तो टाकून शासनाच्या संकेतस्थळावर शाळेचं माध्यम, वर्ग, विद्यार्थीसंख्या, शिक्षकसंख्या, स्वच्छतागृहं यांची नोंद बघता येते. शाळेनेच भरलेली माहिती असते, त्यामुळे ती डोळे झाकून घेऊ नये, पण पत्रकाशी ताडून बघायला पुरते. चारपानीच्या पत्रकात '२५ मुलांमागे एक शिक्षक' होतं. नोंदीतली मुलं आणि शिक्षक यांचा भागाकार केला तर अडतीस आला.

झेरॉक्सवर माध्यमाच्या ओळीत 'मराठी (सेमी)' होतं. सेमी इंग्रजी म्हणजे काय, हे महाराष्ट्राबाहेरच्या माणसाला समजावताना घाम फुटतो. आपल्याकडे अर्थ एवढाच की माध्यम मराठी, पण गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. कितवीपासून, हे मात्र शाळेगणिक बदलतं. कुठे पहिलीपासून, कुठे पाचवी किंवा आठवीपासून. 'पहिलीपासून सेमी' अशी जाहिरात वाचून पालक खूश होतात, पण राज्य मंडळाच्या आजवरच्या रचनेत पहिली-दुसरीत विज्ञान हा वेगळा विषयच नाही. तिसरी ते पाचवी परिसर अभ्यास आणि सहावीपासून सामान्य विज्ञान. म्हणजे पहिलीतलं सेमी म्हणजे फक्त गणिताचं एक पुस्तक. त्यात वाईट काही नाही, फक्त केवढं आहे ते ठाऊक असावं. इंग्रजी माध्यमाच्या शाळेतही मराठी हा विषय आता टाळता येत नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांना पहिली ते दहावी मराठी शिकवणं सक्तीचं आहे. कोणत्या इयत्तेला मराठीच्या आठवड्याला किती तासिका, हे विचारलं की सक्ती कागदावर आहे की वेळापत्रकात ते कळतं.

माध्यमाबद्दल पत्रक वाचून फार काही समजत नाही असं माझं मत आहे. बहिणीने शेजारच्या ओळखीच्या मुलांच्या दुसरीच्या वह्या मागून आणल्या, एक गुळगुळीत शाळेतली, एक झेरॉक्सवाल्या. पहिल्या वहीत पावसाळ्यावर पाच इंग्रजी वाक्यं होती, अक्षर सुंदर, चूक एकही नाही. ती वाक्यं फळ्यावरून उतरवलेली होती. त्या मुलाला विचारलं, यातल्या एका शब्दाचा अर्थ काय, तर तो आईकडे बघायला लागला. दुसऱ्या वहीत पावसाळ्यावर मराठीत सहा ओळी होत्या, 'चिकल' असा चुकलेला शब्द, बाईंनी लाल शाईने दुरुस्त केलेला, आणि शेवटी 'माझी चप्पल वाहून गेली' असं वाक्य. ते कुठल्याच फळ्यावर नसणार. दोन वह्यांवरून शाळेचा न्याय करू नये हे मलाही कळतं. पण त्या रात्री मेहुण्यांचा सूर बदलला, एवढं खरं.

सुविधांच्या पानांवर फोटोच असतात, म्हणून ती पानं मी पटकन उलटतो. एकच प्रश्न पुरतो: माझ्या मुलाला हे कितव्या इयत्तेपासून आणि आठवड्याला किती वेळ? गुळगुळीत पत्रकातला जलतरण तलाव दुसऱ्या शाखेत निघाला. रोबोटिक्सची प्रयोगशाळा पाचवीपासून, वेगळी फी. ग्रंथालय होतं, पण नर्सरी ते दुसरीच्या वेळापत्रकात ग्रंथालयाची तासिका नव्हती. तीन वर्षांच्या मुलीला तिन्ही गोष्टींचा काडीचा उपयोग नाही. तिच्या उपयोगाचं काय असतं? वर्गात किती मुलं आणि मदतनीस ताई आहे का. स्वच्छतागृह वर्गापासून किती पावलांवर आणि तिथली भांडी लहान उंचीची आहेत का. पाण्याचा नळ तिच्या हाताला येतो का. या गोष्टींचे फोटो कुठल्याच पत्रकात नव्हते.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक, मुला-मुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, खेळाचं मैदान आणि ग्रंथालय हे किमान म्हणून लिहिलेलं आहे. तेवढं असणं हा मान्यतेचा भाग झाला. ते 'विशेष सुविधा' म्हणून चारपानीत रंगीत चौकटीत छापलं होतं, त्याचं हसू आलं.

बसला मात्र वेळ दिला. मूल पहिल्या थांब्यावर चढणार की शेवटच्या, यावर तिचं बसमधलं रोजचं पाऊण तास ठरतं. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ ची नियमावली आहे, बसमध्ये महिला मदतनीस हवी आणि शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती हवी. गुळगुळीत शाळेची बस शाळेची होती. चारपानीची व्हॅन खासगी, शाळा म्हणते "आमचा संबंध नाही, नंबर देतो." तुमच्या फीच्या कागदावर व्हॅनचे १६,५०० आहेत, पण तक्रार कुणाकडे करायची त्या जागी गोल आहे.

आता प्रवेशाच्या पायऱ्या. पत्रकात त्या नेहमी एकाखाली एक दिलेल्या असतात: फॉर्म, कागदपत्रं, भेट, यादी, फी. एकेका शाळेच्या पायऱ्या सरळच असतात. अडचण तिन्ही शाळांच्या पायऱ्या एकाच दिनदर्शिकेवर मांडल्या की दिसते, म्हणून आम्ही काय केलं, तर भिंतीवरचं कालनिर्णय काढलं आणि तारखा त्यावरच लिहिल्या. गुळगुळीत शाळेची फी भरायची शेवटची तारीख २० डिसेंबर. चारपानीची निवड यादी १८ जानेवारीला. झेरॉक्सवाल्या शाळेचे फॉर्म मिळणार मार्चमध्ये, गुढीपाडव्याच्या आसपास. म्हणजे चारपानीत नंबर लागतो की नाही हे कळायच्या आधी गुळगुळीत शाळेला प्रवेश शुल्क आणि अनामत, मिळून ३५,००० द्यायचे. प्रवेश रद्द केला तर पंचवीस परत नाहीत, हे निळ्या पेनात होतं. हे पैसे शिकण्याचे नाहीत, जागा अडवून ठेवण्याचे आहेत, असं म्हटल्यावर बहीण बराच वेळ त्या २० तारखेच्या चौकोनाकडे बघत होती.

वय हा दुसरा खडा. महाराष्ट्रात नर्सरीला तीन आणि पहिलीला सहा वर्षं, आणि हे वय ज्या वर्षी प्रवेश त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला पूर्ण हवं. भाचीचा वाढदिवस ऑक्टोबरात, त्यामुळे ती बसत होती. जानेवारीत जन्मलेल्या मुलाला मात्र पुढच्या वर्षाची वाट बघावी लागते. केंद्रीय विद्यालयात पहिलीसाठी ३१ मार्च धरतात, म्हणून एका शाळेचा नियम दुसरीला लावू नये. जन्मदाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का ते फॉर्म भरायच्या आधी बघावं. दाखल्यावर नावच न टाकलेली मुलं अजूनही भेटतात. महापालिकेत नाव चढवायला वेळ लागतो, आणि नेमकी त्याच आठवड्यात खिडकी बंद होते.

गुळगुळीत शाळेच्या पायऱ्यांत तिसरी पायरी होती, 'पालक व पाल्य यांच्याशी अनौपचारिक संवाद'. मेहुणे त्या दिवशी ऑफिसातून अर्धी रजा काढून गेले. मुलीला रंग विचारले, यांना शिक्षण आणि पगार विचारला. कलम १३ मुलांची किंवा पालकांची चाळणी लावायला मनाई करतं. पहिल्यांदा केली तर २५,००० पर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी ५०,००० पर्यंत. 'संवाद' हा शब्द या कलमानंतर आला, आधी त्याला मुलाखत म्हणत. कागदावर आम्ही त्या ओळीत लिहिलं: 'पगार विचारतात.'

आणि एक ओळ बहिणीला लागू नव्हती तरी मी कागदावर ठेवली, कारण तिच्या घरी काम करणाऱ्या मावशींच्या नातवाला ती लागू होती. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी विनाअनुदानित शाळेत पहिल्या प्रवेशवर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना असतात. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा त्यातून वगळलेल्या आहेत. अर्ज शाळेत नाही, शासनाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन, मोफत, आणि निवड सोडतीने. दुर्बल घटकातून अर्ज करायचा तर वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आतलं दाखवणारा तहसीलचा दाखला लागतो. तिन्ही माहितीपत्रकांपैकी एकातही या २५ टक्क्यांचा उल्लेख नव्हता. मावशींना हे कळलं ते त्या टेबलावरून ताटं उचलताना.

कागद पूर्ण झाला तेव्हा त्यावर एकोणीस ओळी होत्या आणि अकरा गोल. त्यातले सात गोल फोन करून भरले, दोन शाळेत प्रत्यक्ष जाऊन. दोन शेवटपर्यंत रिकामे राहिले, दोन्ही गुळगुळीत रकान्यात: फी कोणत्या दोन वर्षांसाठी मंजूर आहे आणि संलग्नता कधीपर्यंत मिळेल. २० डिसेंबर गेला. बहिणीने फी भरली नाही. जानेवारीत चारपानीच्या यादीत भाचीचं नाव सोळावं होतं. घेतलं. मेहुण्यांचं मन अजून झेरॉक्सवाल्या शाळेत आहे, पहिलीच्या वेळी पुन्हा बघू म्हणतात.

मार्चमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ तो कागद मागायला आले. त्यांचा मुलगा पुढच्या वर्षी. मी आकडे बघितले, बसचे दर तोवर बदललेले होते, एका शाळेचा सत्र शुल्काचा आकडाही. उजवीकडचे तिन्ही रकाने कात्रीने कापून टाकले आणि डावीकडची प्रश्नांची पट्टी तेवढी त्यांना दिली, पेन्सिलीसकट.